दुसऱ्याच्या हातचा शब्द

घरांतील जुन्या छायाचित्रांचें एक पुस्तक नातवंडांसाठीं छापावें, म्हणून आम्हीं तीं सारीं संगणकावर उतरवून घेतलीं. एका चित्राखालीं शाईनें ओळ होती : ‘कृष्णेकाठीं नाना व मामी, वाई, शके १८५८.’ चित्रांतील बाई म्हणजे आमची मावशी. तेव्हां ‘मामी’ हा लेखणीचा प्रमाद मानून आम्हीं तेथें ‘मावशी’ घालावयाचें ठरविलें.

छापील वळणाचीं अक्षरें त्या ओळींत उपरीं दिसलीं असतीं. म्हणून अक्षरें त्याच ओळींतून उचललीं. ‘मा’ जागचा हलविला नाहीं. शेजारचा सुटा ‘व’ सहज मिळत होता. पण हातानें एकच अक्षर दोनदां हुबेहूब उमटत नाहीं, आणि असे जुळे जवळजवळ आले कीं चोरी उघडी पडते. म्हणून दूरच्या ‘वाई’तला ‘व’ काना तोडून घेतला व किंचित् अरुंद केला. ‘शके’मधला ‘श’ घेतला आणि ‘मी’ची वेलांटी त्याच्यावर नेली. शब्द लांबला, तितकी पुढची ओळ उजवीकडे सरकविली.

एवढ्यानें भागलें नाहीं. लिहिणाराची ओळ उजवीकडे थोडी चढत गेली होती, त्यामुळें शेवटचा ‘श’ खालीं उतरवावा लागला. लेखणींतील शाई तेथवर फिकी झाली होती, म्हणून तो गडद करावा लागला. अक्षराभोंवतींचा कागद बरोबर आला तर चौकोनी ठिगळ दिसतें. म्हणून केवळ शाईच उचलली. सांधा अक्षराच्या कडेला न ठेवतां शिरोरेघेच्या मध्यावर ठेवला. शेवटीं चित्र उलटें करून पाहिलें. तसें केल्यानें डोळे वाचणें सोडून नुसता आकार पाहतात. एकच हात दिसत होता.

ही ओळ आम्हीं घरांतील वडील मंडळींस अभिमानानें दाखविली, तेव्हां कळलें कीं, ती नानांच्या भाच्यानें लिहिलेली होती. त्याची ती मामीच! प्रमाद लेखणीचा नव्हता, आमचा होता. नातें आमचें, आणि तें वदविलें मात्र त्याच्या हातून. आणि तो तर आज हयात नाहीं.

शब्द खरोखरच चुकला असता तर आमचें कृत्य निर्दोष ठरलें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. लिहिणारानें स्वतः सांगितलें असतें, तर आम्ही त्याचे लेखनिक ठरलों असतों. त्याच्या संमतीवांचून चूक सुधारणें म्हणजे त्यानें ती केलीच नव्हती असें सांगणें होय. ओबडधोबड खाडाखोड निदान आपण परकी असल्याची कबुली देते. आमचें कौशल्य जितकें वाढलें, तितकी ती कबुली नाहींशी झाली.

आम्हीं मूळ ओळ परत आणली. तिच्याखालीं, साध्या छापील अक्षरांत, ‘ही आमची मावशी’ एवढेंच घातलें आहे.