खोटं मापात असतं

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला आबा मला बरोबर न्यायचे. आमच्या बीड जिल्ह्यात तेव्हा पोळ्याचा बाजार म्हणजे कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा आणि शिंगांचा रंग. आबांचं दुकान ठरलेलं. शेटजी सुती कासऱ्याच्या जोडीचे सहा रुपये सांगायचे, आबा तीन म्हणायचे आणि सौदा साडेचारला तुटायचा. साडेचारच होणार, हे दोघांनाही घरून निघतानाच ठाऊक असायचं. तरी अर्धा तास जायचा.

"शेटजी, कासरा बैलाला पायजे, हत्तीला न्हाई."

"पाटील, तीन रुपयांत कासरा येत नाही, नुसती गाठ येते."

"मग गाठच द्या. कासरा वर द्या."

आबा रागावल्यासारखे उठून चौथ्या दुकानापर्यंत जायचे. पाचव्यापर्यंत कधीच नाही. शेटजीही तिथवर गेल्याशिवाय हाक मारायचे नाहीत. शेवटी साडेचार रुपये मोजले, की ते एक लाल गोंडा वर टाकायचे. "घ्या, माझं दिवाळं काढलंत!"

शाळेत मास्तर खरं बोलायला शिकवत होते. मी एकदा वाटेत विचारलं, "आबा, तुम्ही दोघं एवढं खोटं का बोलता?"

आबा म्हणाले, "ज्याला ठावं हाय की हे खोटं हाय, त्याला खोटं बोललं कोण? खोटं मापात असतं. पासंग मारला तर ते गिऱ्हाइकाला दिसत न्हाई. त्याला फसवणं म्हणत्यात."

पुढे 1972 साल आलं. पावसानं पाठ फिरवली. चारा संपला तसा आबांनी एक बैल मिळेल त्या भावाला विकला. एक ठेवला, शेजाऱ्याच्या बैलाबरोबर वारंगुळा करता येईल म्हणून. पोळा आला. आबा म्हणाले, "हाय त्या बैलाचा सण चुकवायचा न्हाई."

दुकानात आबांनी एकच कासरा मागितला. शेटजींना काहीच माहीत नव्हतं. ते सवयीनं म्हणाले, "एकच? दुसरा बैल काय सासरी गेला?"

आबा खाली बघून म्हणाले, "विकला. चाऱ्यापायी."

शेटजींचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्यानं कासरा काढला, भाव सांगितला नाही. "द्या काय द्यायचं ते," एवढंच म्हणाले. आबांनी जोडीच्या निम्मे, सव्वादोन रुपये ठेवले आणि आम्ही निघालो.

चौथ्या दुकानाशी आबा थांबले. मला वाटलं, सासरी गेल्याचं बोलणं त्यांना लागलं. पण ते म्हणाले, "आज शेटजीनं आपल्याला परकं केलं. भाव केला न्हाई." आणि उलट फिरले.

"शेटजी, सव्वादोन जास्ती झाले. दोन घ्या."

शेटजी क्षणभर बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "दोन रुपयांत, पाटील, कासरा अर्ध्या बैलालाच पुरेल."

"पुरू द्या. अर्धा शेजाऱ्याचा हाय."

दोघं हसले. शेटजींनी चार आणे परत केले आणि गोंडे दोन टाकले. "एक उसना आहे. जोडी झाली की परत मागेन."

पुढच्या साली पाऊस झाला. मामांकडून एक खोंड आलं. पोळ्याला आबा जोडीचा कासरा मागायला गेले, तर शेटजी आधी म्हणाले, "माझा गोंडा?" आबांनी तो खरंच खिशात आणला होता. नंतर दुसऱ्या एका दुकानात तोच कासरा चार रुपयांना मिळू लागला. आबा शेवटपर्यंत तिकडे गेले नाहीत.

मी यावर पुष्कळदा विचार केला. शेटजींची थट्टा आबांना लागली, पण तिनं अपमान झाला नाही, कारण ती न कळता झाली होती. बैल विकल्याचं ठाऊक असून शेटजी तेच बोलले असते, तर आबा पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नसते. शब्द तेच, पण बोलणाऱ्याला काय माहीत आहे, यावर सगळं ठरतं.

आणि दयेनं मात्र अपमान झाला असता. घासाघीस करायची म्हणजे समोरचा आपल्या बरोबरीचा आहे, त्याला उत्तर देता येतं, असं मानायचं. शेटजींनी भाव सोडला तेव्हा त्यांनी आबांची ती बरोबरीच काढून घेतली. आबा चार आण्यांसाठी नाही, ती परत घ्यायला फिरले.

आता मी स्वतः बाजारात मेथी विकतो. कुणी अनोळखी माणूस गाडीतून न उतरता "निम्म्यात दे" म्हणतो, तेव्हा मला हसू येत नाही. त्याला माझा भाव ठाऊक नसतो, मला त्याचा स्वभाव. पण एक आजी दर आठवड्याला जुडी उचलून म्हणतात, "ही मेथी हाय का गवत?" मी म्हणतो, "गवतच हाय आजी, तुमच्या म्हशीला न्या." त्या पुरे पैसे देतात आणि वर चार काड्या स्वतःच्या हातानं घेतात. मी बघत नाही.