लावू का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागावरचा बीम संपला की नवा चढवावा लागतो. जुन्या सुताचं एकेक टोक नव्या टोकाला गाठीनं जोडायचं आणि त्या सगळ्या गाठी सावकाश ओढून फणीतून पार करायच्या. गाठ अडकली की तार तुटते. अशा वेळी एक जण मागाच्या पाठीमागं वाकलेला असतो, दुसरा पुढं बटणापाशी उभा असतो. मधे सुताचा पडदा, आणि आजूबाजूचे माग खडखडतच असतात.

बटणापाशी उभ्या असलेल्यानं आता काय विचारावं? ‘सहकाऱ्याच्या सज्जतेची पुष्टी करा’ अशी पाटी लावता येईल, पण ते वाक्य कुणाच्या तोंडी बसणार नाही. ‘तू तयार आहेस का?’ हेही इथं चुकतंच. मराठीत माणूस तयार असतो म्हणजे बहुतेक वेळा राजी असतो, मुलगी लग्नाला तयार असते तसा. नाहीतर नटूनथटून निघायला तयार असतो. मागामागच्या माणसाची राजीखुशी आपल्याला विचारायचीच नाही. त्याचा हात कुठं आहे, एवढंच हवंय.

म्हणून बोलणारा माणूस स्वतः काय करणार ते सांगून विचारतो, ‘लावू का?’ उत्तर येतं, ‘लाव.’ किंवा ‘थांब.’ या दोन शब्दांची गल्लत गोंगाटातही सहसा होत नाही. सोलापुरात घरी तेलुगू बोलणारे विणकर पुष्कळ, त्यांनाही हे एका शब्दाचं मराठी चटकन कळतं.

‘झालं का?’ हा प्रश्नही अस्सल मराठी आहे, पण मला त्याची धास्ती वाटते. त्याला ‘झालं, झालं’ असं उत्तर देणारा अजून गाठीशी झटत असतो. आपण घरातून पाय न काढताच ‘आलो’ म्हणतो, तशीच ही सवय. होत आलेलं काम आपल्या बोलण्यात झालेलंच असतं. त्यामुळं आधी नेमकं कामाचंच विचारावं: ‘गाठी निघाल्या का फणीतनं?’ ‘निघाल्या.’ ‘हात काढला का?’ ‘काढला.’ नुसत्या ‘हो’पेक्षा क्रियापद परत म्हणणारं उत्तर बरं, कारण प्रश्न नीट ऐकल्याशिवाय ते देता येत नाही. तरीही ‘काढला’ हे हात काढता काढताही म्हटलं जातं. म्हणून शेवटी ‘लावू का?’ हवंच, आणि मागच्या माणसाच्याच तोंडून ‘लाव’ आल्याशिवाय बटणाला बोट लावू नये.

ऑफिसातही हेच चालतं. ‘माल प्रेषणासाठी सज्ज असल्याची खात्री करावी’ असं लिहून गेलं की ‘होय’ एवढंच परत येतं आणि गाडी दारात तिष्ठत बसते. ‘गाडी पाठवू का?’ असं विचारलं की गोदामातला माणूस गठ्ठ्यांकडं बघून सांगतो, ‘आत्ता नको, बांधायचे राहिलेत. चारला पाठवा.’