रायडरचा फोटो आणि बॅगेतलं वजन

माल पोचवणाऱ्या नव्या कंपन्या हल्ली आपल्या रायडरचा फोटो काढून घेतात. तो ॲपवर लागतो, भरतीच्या जाहिरातीत येतो, गुंतवणूकदारांपुढच्या सादरीकरणात पहिल्या पानावर असतो. फोटोग्राफरला मिळणारी मागणी बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. टी-शर्ट कंपनीचा हवा, हेल्मेट हवं, बॅगेवरचं चिन्ह पूर्ण दिसायला हवं, चेहराही दिसायला हवा आणि माणूस 'नॅचरल' वाटायला हवा. यातल्या पहिल्या चार गोष्टी सामानाने साधतात. पाचवी सामानाने साधत नाही, आणि ती हुकली की पहिल्या चारही खोट्या दिसू लागतात.

माझं म्हणणं साधं आहे. काम करणाऱ्या माणसाची ढब त्याच्या अंगावरच्या वजनातून येते. वजन खरं नसेल तर कितीही सांगून ती ढब येत नाही.

पुण्यातल्या एका छोट्या पार्सल कंपनीसाठी मी असे फोटो काढले, त्याचं उदाहरण घेतो. शहराच्या कडेला त्यांचं गोदाम, म्हणजे हब. सकाळी तिथे पार्सलांची वर्गवारी होते, प्रत्येक रायडर आपल्या भागातली पार्सलं स्कॅन करून बॅगेत भरतो आणि निघतो. फोटोसाठी कंपनीने नवी कोरी बॅग काढून ठेवली होती. आकार भरावा म्हणून तिच्यात थर्माकोलचे तुकडे कोंबले होते. रायडर सोलापूरकडचा, पंचविशीतला. त्याने बॅग पाठीला लावली, स्कूटरवर बसला, आणि कॅमेऱ्यातून पाहिलं तर सगळं जागच्या जागी असूनही काहीतरी बिनसलेलं होतं.

कुठे बिनसलं ते त्यानेच सांगितलं. "दादा, अशी बॅग कोणी लावत नाही. खाली सीटवर टेकवावी लागते. नाहीतर दुपारपर्यंत खांदे जातात."

भरलेली आणि रिकामी बॅग ओळखायची जागा हीच. रिकामी बॅग पाठीला वर चिकटून बसते, तिचा तळ आणि सीट यांच्यात हवा असते, पट्टे खांद्यावर सैल पडलेले असतात आणि कापडावर सुरकुती नसते. आठ-दहा किलो माल असला की तळ सीटवर टेकतो, पट्टे खांद्याच्या पुढच्या बाजूला रुततात, टी-शर्ट तिथे गोळा होतो, माणूस कमरेतून किंचित पुढे झुकतो आणि मान त्या झुकण्याची भरपाई करायला वर येते. पाहणाऱ्याला यातलं एकही कारण सांगता येणार नाही, पण फरक लगेच कळतो. आम्ही थर्माकोल काढलं आणि त्याच्या त्या दिवसाच्या फेरीतली खरी पार्सलं भरली. जड खोकी तळाशी, पाठीकडच्या बाजूला, पाकिटं वर. ही मांडणीही त्याचीच, कारण ज्या क्रमाने माल उतरवायचा त्याच्या उलट क्रमाने तो भरायचा असतो. पट्ट्यांची लांबी त्याने स्वतःच्या सवयीने लावली. त्याला 'नीट बसा' असं एकदाही म्हणावं लागलं नाही.

एक काळजी मात्र घ्यावी लागली. खऱ्या पार्सलवर ग्राहकाचं नाव, पत्ता, कधी फोन नंबरही असतो. कॅमेऱ्याकडे येणाऱ्या बाजू फिरवून घेतल्या. जे पार्सल हातात दिसणार होतं त्यावर कोरं लेबल लावलं आणि फोटो झाल्यावर ते काढून टाकलं.

हा प्रश्न आजचा नाही. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 ते 1866 या काळात मुंबईतल्या निरनिराळ्या जाती-जमाती आणि धंद्यांच्या लोकांचे फोटो दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा, असे जोड आहेत. पोशाख तपशीलवार आहेत, अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. पण त्या माणसांच्या पायाखाली जमीन नाही, हे जाणवत राहतं. आज स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढे रायडर उभा करून मागे संगणकावर रस्ता जोडतात, तेव्हा तीच उणीव दीडशे वर्षांनी पुन्हा येते.

म्हणजे दोष स्टुडिओचा, असं मात्र नाही. आयर्विंग पेन याने 1950 आणि 1951 मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क इथल्या कष्टकऱ्यांचे फोटो काढले, तेही साध्या पडद्यापुढे, स्टुडिओतल्या नैसर्गिक उजेडात. त्याची अट एवढीच होती की माणसाने थेट कामाच्या कपड्यांत, कामाची हत्यारं घेऊन यावं. न्यूयॉर्कची काही मंडळी सूचना देऊनही दाढी करून, ठेवणीतले सूट घालून आली, असं पेनने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या मालिकेतली माणसं रस्त्यापासून तोडलेली असूनही उपटलेली वाटत नाहीत, कारण हातातली वस्तू त्यांचीच आहे आणि ती कशी धरायची हे हाताला ठाऊक आहे. जागा परकी असली तरी चालते. ओझं परकं असलं की चालत नाही.

आता हेल्मेट. इथे कंपनीची इच्छा आणि कायदा यांची ओढाताण होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे हेल्मेट केंद्र सरकारने ठरवलेल्या मानकाचं असलं पाहिजे आणि ते पट्ट्याने नीट बांधलेलं असलं पाहिजे. चेहरा दिसावा म्हणून जाहिरातवाले हेल्मेट मागे सरकवतात, कपाळ उघडं करतात, हनुवटीचा पट्टा सोडून ठेवतात. मला हे मान्य नाही. भरतीच्या जाहिरातीत नवा मुलगा जे पाहतो तेच त्याला नियम वाटतं. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं असावी, बक्कल लागलेलं असावं, पट्टा आणि हनुवटी यांत फार तर दोन बोटं जावीत, मागे आयएसआयची खूण असावी. एवढं पाळूनही चेहरा दिसतो, फक्त त्यासाठी उजेडाचा विचार करावा लागतो.

हेल्मेटच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते, म्हणून डोक्यावरचं ऊन टाळायचं. आम्ही इमारतीच्या सावलीत स्कूटर लावली, समोर उन्हात न्हालेली फिकट भिंत होती. भिंतीवरून उलटून येणारा मऊ उजेड खालून हेल्मेटच्या आत शिरला आणि डोळे उजळले. काच वर केलेलीच होती, कारण थांबल्यावर रायडर ती वर करतोच. काच खाली ठेवायची असेल तर तिच्यात आकाश उमटतं. ते घालवायला पोलरायझर लावावा असं कुणालाही सुचेल, पण हेल्मेटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि निळ्या आकाशाखाली पोलरायझरमधून तिच्यावर इंद्रधनुषी पट्टे दिसू लागतात. त्यापेक्षा हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगावं, म्हणजे काचेत आकाशाऐवजी रस्ता उमटतो आणि तो काळपट असल्याने चेहरा दिसतो.

गणवेशावरच्या चमकत्या पट्ट्यांचंही असंच. त्या पट्ट्या उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणून रात्री गाडीवाल्याला रायडर लांबून दिसतो. कॅमेऱ्यावरच फ्लॅश असेल तर सगळा उजेड लेन्समध्ये परततो आणि छातीवर पांढरा पट्टा जळून निघतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून चार हात बाजूला नेला की पट्टी राखाडी, शांत दिसते.

गणवेश 'बरोबर' म्हणजे काय, यावर माझा आणि कंपनीच्या माणसाचा थोडा वाद झाला. टी-शर्ट इस्त्रीचा, नवा. पण रायडरने हेल्मेटखाली रुमाल बांधला होता आणि हातांवर उन्हासाठी बाह्या चढवल्या होत्या. दोन्ही गोष्टी यादीत नव्हत्या, म्हणून त्या काढाव्यात असं त्यांचं म्हणणं. दिवसभर हेल्मेट घालणाऱ्याला घाम टिपायला रुमाल लागतो, आणि मार्च ते मेमध्ये बाह्यांशिवाय हात भाजतात. ज्या वस्तू कंपनीने दिल्या नाहीत पण कामाला लागतात, त्या फोटोतून काढल्या तर उरतो तो गणवेशाचा नमुना, रायडर नव्हे. शेवटी रुमाल राहिला, बाह्या राहिल्या. दुसऱ्या एका कंपनीचं नाव असलेली बाही तेवढी उलटी करून घातली.

मग क्षण कोणता टिपायचा? चालत्या गाडीवरचा, हसणारा, वाऱ्यावर स्वार असा रायडर सगळ्यांना हवा असतो. असे कितीतरी फोटो नीट पाहिले तर दोन्ही पाय वर घेतलेले आणि स्टँड खाली लावलेला दिसतो. म्हणजे गाडी उभी आहे आणि धावण्याचं सोंग चाललं आहे. चालत्या गाडीवर हातात मोबाइल तर दाखवूच नये. मला वाटतं, या कामाचा खरा क्षण थांबण्याचा आहे. सोसायटीच्या गेटपाशी गाडी थांबते, एक पाय जमिनीवर येतो, इंजिन बंद होतं. नजर आधी मोबाइलवर, मग इमारतीच्या पाटीवर, मग पुन्हा मोबाइलवर जाते. शोधण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत माणूस कॅमेरा विसरलेला असतो. दुसरा असा क्षण दाराशी: डाव्या हाताने पार्सल पोटाशी धरलेलं आणि उजव्या अंगठ्याने ओटीपी टाकणं चाललेलं. 'हसा' म्हटलं की चेहरा आखडतो. 'बी विंग कुठे ते बघा' म्हटलं की माणूस खरोखर बघतो. आम्ही त्याच्या फेरीबरोबर फिरलो आणि तो प्रत्यक्ष माल देत असतानाच फोटो घेतले. लेन्स मध्यम लांबीची, कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर. फार जवळून रुंद लेन्सने घेतलं तर आरसा आणि हँडल फुगतं. खालून घेतलं तर तो पुतळ्यासारखा दिसतो.

यात वेळ जातो, आणि तो वेळ त्याचा असतो. त्याला दर पार्सलमागे पैसे मिळतात. आमच्यासाठी थांबला की त्याचं नुकसान, म्हणून त्या दिवसाची बुडालेली कमाई आणि फोटोचं वेगळं मानधन आधी ठरवून घेतलं. लेखी संमती मराठीत घेतली, कारण इंग्रजी कागदावर सही करणारा माणूस बहुतेक वेळा वाचून सही करत नाही. तो कंपनीच्या भाषेत 'पार्टनर' आहे, नोकर नाही. उद्या दुसऱ्या ॲपवर गेला तर त्याला कोणी अडवणार नाही. पण त्याचा चेहरा या कंपनीच्या टी-शर्टमध्ये होर्डिंगवर राहील, आणि नव्या ठिकाणी तो त्याला अडचणीचा ठरू शकतो. म्हणून कागदावर मुदत घातली: एक वर्ष, ॲप आणि भरतीची जाहिरात एवढ्यापुरतंच, पुढे वापरायचं तर पुन्हा विचारून आणि पुन्हा पैसे देऊन. कंपनीच्या वकिलाला 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' हे शब्द हवे होते. ते खोडायला दोन दिवस लागले. रायडरने कागद वाचला, मुदतीच्या ओळीवर बोट ठेवून तारीख विचारली, ती त्याच्यासमोर लिहिली गेल्यावर सही केली, आणि उरलेली पार्सलं घेऊन निघाला.