फोनमधली चारशे माणसं

रात्री अकरा वाजता पाच हजारांची नड आली, तर पूर्वी माणूस शेजाऱ्याकडे नाही तर शेठकडे जायचा. उचल मागताना मान खाली जायची, पण देणारा कोण हे तरी ठाऊक असायचं. झटपट कर्जाच्या ॲपने ती खाली जाणारी मान वाचवली आणि सोबत देणाऱ्याचा चेहराही झाकून टाकला.

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक हेल्पर आहे. घरात आजारपण, पगाराला आठ दिवस. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून त्याने ॲप उतरवलं. वर एका वित्तसंस्थेचं नाव आणि 'आरबीआय मान्यताप्राप्त' असा शिक्का. आधारचा फोटो अजून चढवलेला नाही. शोधाशोध करायची ती इथेच.

शिक्क्याला काही अर्थ नाही. रिझर्व्ह बँक ॲपला मान्यता देत नाही. ती बँकांना परवाना देते आणि एनबीएफसींची नोंदणी करते. ॲप हा बहुतेक वेळा मधला माणूस. मात्र १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे. कुठलं ॲप कोणत्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं काम करतं, हे त्यात दिसतं. हेल्परला तिथे ॲपचं नाव मिळालं नाही, तर गोष्ट संपली. मिळालं, तरी अर्धीच झाली. यादीतली माहिती बँका आणि एनबीएफसींनी स्वतः भरलेली असते. आणि खऱ्या कंपनीचं नाव लावून भलतंच ॲप फिरवणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. म्हणून दुसरी पायरी: त्या एनबीएफसीची वेबसाइट, लिंकवर न दाबता, स्वतः शोधून उघडायची. आपल्या वतीने कोणती ॲप कर्ज देतात हे तिला तिथे जाहीर करावं लागतं. ॲप त्या पानावरून उतरवता आलं तर ठीक. व्हॉट्सॲपवरची फाइल काढून टाकलेली बरी.

मग पैशांचा हिशोब. बोगस ॲपचा नेहमीचा साचा असा: कर्ज ५,००० रुपये, मुदत सात दिवस, 'प्रोसेसिंग' म्हणून १,७५० आधीच कापलेले. हातात ३,२५०, फेडायचे ५,०००. वरवर ही निव्वळ फी दिसते. पण ३,२५० वर आठवड्याला १,७५० म्हणजे जवळपास ५४ टक्के, वर्षाला साधारण २,८०० टक्के. गावातला सावकारही हा आकडा तोंडातून काढताना चाचरेल. खऱ्या कर्जदात्याला करार होण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल त्या भाषेत. सगळ्या फी धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात एका आकड्यात लिहिलेलं असतं. तो कागद मराठीत मागितल्यावर समोरून 'सर, आधी केवायसी करून घ्या' असं उत्तर आलं, तर उत्तर मिळालंच.

कर्ज मिळण्याआधी विमा, जीएसटी किंवा 'फाइल चार्ज' म्हणून कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागितले, तर पुढे काही विचारायलाच नको. फी असेल तर ती त्या कागदावर असते. कर्जाची रक्कम कर्जदात्याकडून थेट कर्जदाराच्या खात्यात येते आणि हप्ताही कर्जदात्याच्याच खात्यात जातो. मधल्याच्या खिशातून ती फिरत नाही.

आता खरी मेख. ॲप विचारतं, 'काँटॅक्ट्स बघू द्याल का?' खाली 'अलाऊ'चं बटण. आधार त्याचा, पॅन त्याचा, खातं त्याचं. ते द्यायचं की नाही हे तो ठरवू शकतो. पण फोनमधली चारशे माणसं त्याची नाहीत. 'दूधवाला', 'आत्या गावची', 'सुपरवायझर साहेब', 'ताई नवीन नंबर'. त्यांनी नंबर दिला तो त्याला, वसुलीवाल्याला नाही. मेख मारायची ती इथेच, कारण या ॲपचं तारण म्हणजे हीच यादी असते. हप्ता चुकला की आत्याला फोन जातो, सुपरवायझरला फेरफार केलेला फोटो पाठवला जातो. म्हणूनच कर्जाच्या ॲपने काँटॅक्ट्स, कॉलची नोंद आणि फोटो-फाइलींना हात लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. केवायसीपुरता कॅमेरा किंवा लोकेशन एकदा, परवानगीने, चालतं. बाकी खरं ॲप मागतच नाही. जे मागतं त्याची रिझर्व्ह बँकेच्या यादीतली नोंद पुन्हा शोधण्याचीही गरज उरत नाही.

बटण दाबलं गेलंच असेल, तर ॲप काढून टाकल्याने गेलेले नंबर परत येत नाहीत. पैसे गेले असतील किंवा धमक्या सुरू झाल्या असतील, तर १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार. ॲपच बेकायदा वाटलं, तर sachet.rbi.org.in. स्क्रीनशॉट आणि पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक आधी जपून ठेवायचा. आणि त्याच रात्री, वसुलीवाल्याच्या आधी, हेल्परने स्वतः आत्याला फोन करायचा.