गाऱ्हाणे आणि तट

इंग्लंडमधील यादवी युद्धावरचे एक व्याख्यान संपल्यावर शेजारचे गृहस्थ सहज म्हणाले, ‘‘धर्म हा मुखवटा. खरे भांडण करांचे आणि सत्तेचे.’’ ते वाक्य पुढे कित्येक दिवस मला टोचत राहिले. धर्माच्या नावाखाली स्वार्थ लपतो हे आपण इतक्यांदा पाहिले आहे की, मुखवटा ओढून काढणे हेच विचार करण्याचे लक्षण आहे, असे आपल्याला वाटू लागले आहे. पण सतराव्या शतकातल्या इंग्रज माणसाच्या चेहऱ्यावरून धर्म ओढून काढला, तर हाती त्याचा खरा चेहरा लागत नाही. हाती काहीच लागत नाही.

आठव्या हेन्रीने रोमशी काडीमोड घेतला, एलिझाबेथने 1559 साली चर्चची घडी बसवली, आणि ती घडी अर्धवट सुधारलेली आहे असे मानणाऱ्यांना प्युरिटन म्हणू लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. पहिला चार्ल्स संसदेविना अकरा वर्षे राज्य करत होता आणि ‘शिप मनी’ नावाचा जहाजकर वसूल करत होता, हेही शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात क्वचित सापडते ते एका टेबलाचे भांडण.

प्रभुभोजनाच्या विधीसाठी प्रत्येक चर्चमध्ये एक लाकडी टेबल असे. एलिझाबेथच्या नियमांप्रमाणे एरवी ते पूर्वेच्या भिंतीशी, जुन्या वेदीच्या जागी ठेवायचे आणि विधीच्या वेळी पुढे आणायचे. व्यवहारात बहुतेक ठिकाणी ते लोकांच्या जवळच, मधोमध राहू लागले. विल्यम लॉड 1633 साली कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्याच्या मताच्या बिशपांनी हे टेबल कायमचे पूर्वेच्या भिंतीला लावून त्याच्यापुढे लाकडी कठडा उभारण्याचे आदेश दिले. बाहेरून पाहणाऱ्याला यात भांडण्यासारखे काय आहे, असे वाटेल. पण मधोमध ठेवलेले टेबल सांगत होते की, ख्रिस्ताच्या अंतिम भोजनाची आठवण म्हणून आपण सगळे जेवायला बसलो आहोत. भिंतीला लावून कठड्याआड ठेवलेले टेबल म्हणजे वेदी. वेदी आली की बळी आला, बळी आला की तो अर्पण करणारा पुरोहित आला, आणि पुरोहित आला की रोम आले. प्युरिटन माणसाला चार हातांवर सरकवलेल्या त्या टेबलात ही सगळी साखळी दिसत होती.

सॉमरसेटमधल्या बेकिंग्टन गावाची हकिगत पाहा. तिथले टेबल मधोमध, लाकडी चौकटीत होते. बाथ आणि वेल्सचा बिशप विल्यम पिअर्स याने ते हलवण्याचा हुकूम काढला. गावाने निवडलेले दोन चर्चवॉर्डन, व्हीलर आणि फ्राय, यांनी नकार दिला. दोघांना बहिष्कृत केले गेले, मग तुरुंगात टाकले गेले, आणि शेवटी त्यांना चर्चमध्ये सर्वांदेखत चूक कबूल करावी लागली. हे कोणी पेटलेले उपदेशक नव्हते. चर्चचे छप्पर गळते का, हिशेब जुळतो का, हे पाहणारी गावातली पत असलेली माणसे होती. अशा माणसांना कायद्याच्या बाजूने उभे असल्याची खात्री वाटत असताना गुन्हेगार ठरवले गेले.

लॉडच्या बाजूनेही इथे थोडे थांबायला हवे. त्या काळच्या चर्चमध्ये कुत्री मोकळी फिरत. लोक टेबलावर टोप्या ठेवत, गावाचे हिशेब तिथेच मांडत. केंब्रिजशायरमधल्या टॅडलो गावी 1638 सालच्या नाताळात प्रवचन चालू असताना एका कुत्र्याने टेबलावरची विधीची भाकर पळवली. नॉर्विचचा बिशप मॅथ्यू रेन याने कठडा जवळजवळ एक यार्ड उंच आणि कुत्रे आत शिरणार नाही इतक्या दाट खांबांचा असावा, असे लिहून ठेवले होते. लॉडला पवित्र वस्तूची ही विटंबना मनापासून सहन होत नव्हती. देवाच्या घरात देवाला शोभेल अशी व्यवस्था हवी, ही भूक खोटी नाही. प्रत्येक भक्तिपरंपरेत ती असते, आणि तिला कर्मकांड म्हणून हिणवणाऱ्याला भक्तीतले काहीच कळलेले नसते. लॉडची चूक भक्तीत नव्हती, सक्तीत होती. त्याच्यावर टीका करणाऱ्या प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे कान 1637 साली भर चौकात कापले गेले. त्यांपैकी एक वकील, एक धर्मोपदेशक आणि एक डॉक्टर. सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसांना अशी शिक्षा झालेली पाहून लंडनकर हादरले.

त्याच वर्षी चार्ल्सने स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादले. 23 जुलैला एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला घेताच दंगल झाली, आणि तिथून राजाची सत्ता उसवत गेली. स्कॉटिश बंडाविरुद्ध लढायला 1640च्या उन्हाळ्यात जबरीने भरती केलेले इंग्रज शिपाई उत्तरेकडे निघाले. वाटेत एसेक्स आणि हर्टफर्डशायरमध्ये त्यांनी चर्चमधले कठडे उखडून जाळले. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनला डेव्हनच्या शिपायांनी आपलाच एक अधिकारी कॅथलिक असल्याच्या संशयावरून मारून टाकला. कर न भरणे समजू शकते. पण पगारी शिपाई शत्रूला सोडून लाकडी कठड्यावर तुटून पडतो, तेव्हा त्याच्या मनात काय जळते आहे हे तरी विचारावे.

‘मुखवटा’वाल्यांचा सर्वांत समर्थ वकील म्हणजे ख्रिस्तोफर हिल. 1940 साली त्याने हे युद्ध म्हणजे सरंजामशाहीविरुद्ध उगवत्या भांडवलदारांची क्रांती, असे मांडले. पुढे त्याने प्युरिटन मनाचा फार बारकाईने अभ्यास केला; शिस्त, श्रम आणि काटकसर यांना पवित्र मानणारा हा धर्म छोट्या कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना का भावला, हे त्याच्याइतके चांगले फार थोड्यांनी सांगितले आहे. पण कारागिराला धर्म का भावला हे सांगणे आणि तो धर्म कारागिरीचाच होता असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे, आणि हिलचे अनुयायी ते एका उडीत पार करतात. ते क्रॉमवेललाही साक्षीला बोलावतात. 1655च्या जानेवारीत त्याने स्वतः सांगितले होते की, लढ्याच्या आरंभी धर्म हा वादाचा मुद्दा नव्हता. देवाने अखेर तो त्या थराला आणला. ही साक्ष वजनदार आहे. मात्र तिचा अर्धाच भाग वाचून चालत नाही.

माझा एक जुना आवडता भेद इथे उपयोगी पडतो: गाऱ्हाणे आणि तट. गाऱ्हाणे माणसांना एकत्र आणते. तट त्यांना समोरासमोर उभे करतो. गाऱ्हाण्यातून निदर्शने होतात, खटले होतात, क्वचित बंड होते. यादवी युद्धाला मात्र दोन तट लागतात, आणि दोन्हीकडे मरायला तयार असलेली माणसे लागतात. 3 नोव्हेंबर 1640 रोजी भरलेल्या संसदेत करांचे गाऱ्हाणे जवळजवळ सर्वांचे होते. राजाच्या बाजूने लढायला त्या वर्षी कोणीच नव्हते. पुढच्या ऑगस्टपर्यंत जहाजकर बेकायदा ठरला, स्टार चेंबर आणि हाय कमिशन ही न्यायालये बंद झाली, दर तीन वर्षांनी संसद भरवण्याचा कायदा झाला, आणि राजाचा मंत्री स्ट्रॅफर्डचे डोके उडाले. पैसा आणि सत्ता यांबद्दलची गाऱ्हाणी एवढी मिटल्यावर युद्ध टळायला हवे होते. ते एक वर्षानंतर झाले.

मग दुसरा तट आला कुठून? हा प्रश्न मी प्युरिटनांच्या तीव्रतेकडे बोट दाखवण्यासाठी विचारला होता. पण उत्तर शोधताना मला केंटचा खासदार सर एडवर्ड डेअरिंग भेटला. लॉडचा तो कडवा टीकाकार. बिशपांची संस्था मुळासकट उपटून टाकावी, अशी याचिका सुमारे 15,000 लंडनकरांनी 1640च्या डिसेंबरात दिली होती. तिच्यातून आलेले विधेयक 1641च्या मे महिन्यात सभागृहात मांडले ते याच डेअरिंगने. सहा महिन्यांत तो उलट बाजूला गेला. मधल्या काळात त्याने काय पाहिले? 8 सप्टेंबरला कॉमन्सने हुकूम काढला की, कठडे काढा, टेबले पूर्वेच्या भिंतीपासून हलवा. दुसऱ्याच दिवशी लॉर्ड्सनी सांगितले की, उपासना कायद्यानुसारच चालू द्या. गावोगावी लोकांनी आपल्या मनाप्रमाणे वागायला सुरुवात केली. कुठे प्रार्थनापुस्तक फाडले गेले, कुठे अशिक्षित माणूस व्यासपीठावर चढून उपदेश करू लागला. नोव्हेंबरात राजाच्या कारभारावरचे महाआरोपपत्र 159 विरुद्ध 148 मतांनी संमत झाले, तेव्हा डेअरिंग विरोधात बोलला: सभागृहाने राजाशी बोलावे, तक्रार खाली जनतेत नेऊ नये. फेब्रुवारी 1642मध्ये त्याची खासदारकी गेली, त्याला टॉवरमध्ये डांबले, आणि त्याच्या छापील भाषणांचे पुस्तक जल्लादाकडून जाळण्यात आले.

डेअरिंगसारखी माणसे शेकडो होती, आणि त्यांच्यामागे गावेच्या गावे. चेशायरहून सर थॉमस ॲस्टनने बिशप आणि प्रार्थनापुस्तक यांच्या बाजूने हजारो सह्या आणल्या, आणि इतर अनेक परगण्यांनी तेच केले. या याचिकांतल्या बहुतेकांना लॉडची वेदी नको होती. त्यांना एलिझाबेथच्या काळापासूनची, तीन पिढ्यांच्या ओठांवर बसलेली प्रार्थना हवी होती. ज्या शब्दांत बाप पुरला आणि लेकीचे लग्न लागले ते शब्द हवे होते. म्हणजे युद्धाला जो तट कमी पडत होता, तो प्युरिटनांच्या श्रद्धेतून थेट आला नाही. त्यांच्या भीतीमुळे चाललेल्या तोडफोडीला घाबरलेल्या, तितक्याच धार्मिक पण शांत माणसांतून तो आला. राजाचे सैन्य उभे केले ते जुलमी राजाच्या लाडक्यांनी नव्हे. ते या साध्या श्रद्धेने उभे केले.

इथे गृहस्थांचा मुद्दा पुन्हा डोके वर काढतो. 1641च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये कॅथलिकांचे बंड झाले. ते मोडायला सैन्य हवे होते, आणि ते राजाच्या हाती द्यायचे की संसदेच्या, यावरून शेवटचा तुकडा पडला. हा शुद्ध सत्तेचा प्रश्न दिसतो. पण दुसऱ्या कुठल्याही राजाच्या हाती संसदेने सैन्य निमूटपणे दिले असते. या राजाची राणी कॅथलिक, त्याचा आर्चबिशप वेदी उभारणारा, आणि 4 जानेवारी 1642 रोजी हा राजा सशस्त्र लोक घेऊन पाच खासदारांना पकडायला सभागृहात घुसला. सत्तेचा प्रश्न अविश्वासाने पेटला, आणि त्या अविश्वासाला धर्माने वर्षानुवर्षे सरपण घातले होते. 22 ऑगस्टला राजाने नॉटिंगहॅमला निशाण रोवले.

क्रॉमवेलची साक्ष मी आता पूर्ण मान्य करतो. धर्म हा पहिला मुद्दा नसेलही; पण गाऱ्हाण्यांचे तटांत रूपांतर त्यानेच केले, आणि ते त्याने दोन्ही बाजूंनी केले. प्युरिटनांना आपले चर्च रोमकडे ढकलले जाते आहे असे वाटत होते. प्रार्थनापुस्तक जपणाऱ्यांना तेच चर्च अराजकात बुडते आहे असे वाटत होते. दोघे एकाच चर्चसाठी घाबरले होते. म्हणून कुठल्याही यादवीत धर्म होता की स्वार्थ, हे ठरवण्याआधी मी दुसरा प्रश्न विचारतो: जुलमी सत्ता एकटी पडलेली असताना तिच्या बाजूला उभे राहायला सज्जन माणसे का आली? इंग्लंडमध्ये ती आली, कारण सुधारकांनी लॉडच्या कठड्यासोबत त्यांची प्रार्थनाही मोडायला घेतली होती.