पावती नसलेला कडबा

यंदा मार्चच्या शेवटी धाराशिवला घरी गेलो होतो. वडिलांच्या ओळखीचे एक करसल्लागार काका चहाला आले आणि माझ्या पगाराची चौकशी करून म्हणाले, "पन्नास हजारांच्या देणगीची पावती घे. सगळेच करतेत की!"

घरकर्जामुळे मी अजून जुन्या करपद्धतीत आहे. ८०जीची वजावट तिथंच मिळते, म्हणून प्रश्न माझ्यासाठी खरा होता. मी म्हटलं, "काका, नुसत्या पावतीवर आता चालत नाही." पूर्वी संस्थेचा शिक्का असलेला कागद पुरायचा. २०२१-२२ पासून नोंदणीकृत संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची यादी, त्यांच्या पॅन क्रमांकासह, आयकर खात्याला ३१ मेपर्यंत द्यावी लागते. त्या यादीतूनच 'फॉर्म १०बीई' हे प्रमाणपत्र तयार होतं. विवरणपत्रात मी एक आकडा लिहितो आणि संस्था तिच्या यादीत दुसरा. दोन्ही जुळले नाहीत, तर वजावट नाकारली जाते. शिवाय दोन हजारांवरची देणगी रोख दिली असेल, तर वजावट मिळतच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. वापरणाऱ्यानं भरलेल्या माहितीवर विश्वास न ठेवता दुसरीकडची नोंद तपासतो.

काकांकडे याचंही उत्तर होतं. "मग एका छोट्या पक्षाला बँकेतूनच दे. चार दिवसांनी साडेसत्तेचाळीस हजार रोख परत."

हिशेब सोपा होता. राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची पूर्ण वजावट मिळते. माझा कर तीस टक्क्यांच्या टप्प्यात, त्यावर उपकर, म्हणजे पन्नास हजारांवर १५,६०० रुपये वाचणार. काकांच्या माणसाचं कमिशन अडीच हजार. मला निव्वळ १३,१०० रुपये सुटणार. पावती खरी, बँकेची नोंद खरी, पक्षही नोंदणीकृत. खोटी फक्त देणगी.

मी इथं अडकलो. ज्या पुराव्याचं मी आत्ताच कौतुक केलं होतं, तो इथं पूर्णपणे जुळत होता. कारण बँकेची नोंद एवढंच सांगते, की पैसे माझ्याकडून गेले. ते परत आले नाहीत, हे ती सांगत नाही. आणि देणं म्हणजे तर नेमकं तेच, परत न येणं.

परतीचीही नोंद कुठंतरी असतेच. कुणाला किती रोख द्यायची, हे मध्यस्थाला लिहून ठेवावंच लागतं. खोट्या देण्याला स्वतःची एक वही लागते. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं खोट्या वजावटींच्या संशयावरून देशभरात दीडशे ठिकाणी तपासण्या केल्या, त्यात अशा वजावटी जुळवून देणारे मध्यस्थही होते. असा एक माणूस सापडला, की त्याच्या वहीतली सगळी नावं सापडतात. मग बुडवलेला कर, त्यावर व्याज आणि चुकीची माहिती दिली म्हणून कराच्या दुप्पट दंड.

पण पकडलो जाण्याच्या भीतीनं नाही म्हणालो असतो, तर काका आणखी सुरक्षित वाट शोधून आले असते. मला आठवला तो गेल्या सप्टेंबरातला परंडा. २०२५ च्या त्या पुरात परंडा-भूम भागात माणसं घरांवर अडकली, जनावरं दगावली, चारा वाहून गेला. आम्ही मित्रांनी वर्गणी काढून एका शेतकऱ्याकडून कडबा विकत घेतला आणि टेम्पोनं नेऊन पोचवला. ना पावती, ना फोटो. ८०जीत वस्तूरूपानं दिलेल्याला वजावट नाही, त्यामुळे तो कडबा कायद्याच्या लेखी देणगीच नाही. जे खरंच दिलं, त्याचा कागद माझ्याकडे नाही, आणि जे देणार नव्हतो, त्याचा कागद बिनचूक मिळत होता.

कायदा इथं अन्याय करतो, असं मला वाटत नाही. कडब्याची किंमत कोण ठरवणार? खात्याला मोजता येईल तेवढंच ते मानणार. चूक होते ती आपण त्या कागदालाच देणं समजतो तेव्हा. शिवाय त्या पुरात लोकांना बाहेर काढायला आलेल्या बोटी आणि हेलिकॉप्टर करातूनच आले होते. १५,६०० रुपये मी त्याच तिजोरीतून काढणार होतो, आणि कागदावर माझं नाव दाता म्हणून लागणार होतं.

काकांना मी एवढंच म्हटलं, "मला परत येणारं काही द्यायचं नाही."

"मग भर कर," म्हणत त्यांनी कप खाली ठेवला. जुलैत मी विवरणपत्र भरलं. देणगीच्या रकान्यात शून्य लिहिलं. ते शून्यही पूर्ण खरं नव्हतं, पण ते खोटं कुणाच्या खिशातून गेलं नव्हतं.