आधी ठेका

भाचा मिरजेत तबला शिकवतो आणि गायकांना साथ करतो. लग्नासाठी त्यानं स्वतःचा परिचय लिहिला आणि मला वाचायला दिला. वधूवर मंडळात मी बरीच वर्षं असे कागद चाळते, म्हणून.

दीड पान होतं. विशारद, गुरूंची नावं, ज्यांना साथ केली त्या तेवीस गायकांची यादी, मिळालेली पारितोषिकं. सोबत पाच फोटो, पाचही मंचावरचे, बहुतेकांत डोळे मिटलेले, समोर माईक. ऐकण्यासाठी चाळीस मिनिटांचं एकल वादन. खोटं काहीच नव्हतं. पण त्याचं नाव झाकलं असतं, तर तो कागद एखाद्या मैफलीच्या पत्रिकेत जसाच्या तसा छापता आला असता. त्या घरात येणाऱ्या मुलीनं बसायचं कुठे, हे त्यातून कळत नव्हतं.

"सगळं मी-मीच दिसतंय का, आत्या?" तो ओशाळला. दोन दिवसांनी नवा कागद आणला. त्यात दोनच ओळी: खाजगी शिकवण्या घेतो, तबल्याची आवड आहे.

ही चूकही मी खूपदा पाहिली आहे, आणि ती पहिलीपेक्षा महागात पडते. तरी या वेळी त्याच्या आईच्या आग्रहापुढे मी गप्प बसले आणि तो कागद पुढे गेला. एका घरून बोलावणं आलं. बोलता बोलता मुलीच्या वडिलांना कळलं, की थंडीच्या दिवसांत हा महिन्यातल्या आठ-दहा रात्री बाहेरगावी असतो आणि उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं." त्यांचं बरोबर होतं. आवड म्हटल्यावर माणूस रविवार धरतो, आख्खा हिवाळा धरत नाही.

त्या रात्री मी त्याला विचारलं, "विलंबित एकताल चालू असताना तू काय करतोस?"

"ठेका धरतो. बारा मात्रांचं एक आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं. तेच बोल, तोच वजनदार हात. गाणाऱ्याला सम कुठे आहे ते कळलं पाहिजे."

"आणि तुकडा?"

"त्यांनी जागा सोडली तर. लहानसा, आणि समेवर परत."

"तुझ्या पहिल्या कागदात नुसते तुकडेच होते. दुसऱ्यात तू डग्ग्यावरचा हातच काढून घेतलास."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग लिहायला बसला. तेवीस नावं गेली. पारितोषिकांतलं एकच ठेवलं, तेही एका ओळीत. खोडाखोड होऊन उरलं ते असं:

"वय 31. गेली 11 वर्षं गायकांना तबल्याची साथ करतो, तेच माझं काम. निम्म्याहून जास्त उत्पन्न शिकवणीचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला आठ-दहा रात्री बाहेर असतो. रोज पहाटे साडेपाच ते सात रियाझ, खिडक्या लावून. विलंबिताचा ठेका धरून बसणं मला सगळ्यात आवडतं, कारण तेव्हा गाणं अगदी जवळून ऐकू येतं. पोहे बरे करतो, आमटी अजून जमत नाही. तुमचा दिवस कसा जातो आणि घरात शांतता कधी लागते, तेही कळवा."

विलंबिताचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्या कलेबद्दल दीड पानानं जे सांगितलं नव्हतं ते या एका वाक्यात आलं होतं, आणि त्यात कौतुक गाण्याचं होतं.

मंचावरचा एकच फोटो राहिला, ज्यात तो गायिकेकडे बघतोय. दुसरा दारातल्या उजेडात बसून वादी ताणतानाचा, तिसरा आईबरोबर मंडईतला. चाळीस मिनिटांच्या जागी चार मिनिटांचा ख्याल आला. त्यात आधी आवाज ऐकू येतो, मग याचा हात.

उत्तरं पूर्वीपेक्षा कमी आली. रात्री बाहेर राहण्याची ओळ वाचून काहीजण तिथेच थांबले असणार, आणि ती ओळ त्यासाठीच होती. तिसऱ्या आठवड्यात एका परिचारिकेनं लिहिलं: "रात्रपाळी असली की मी साडेआठला घरी येऊन झोपते. तोवर तुमचा रियाझ संपलेला असेल, हे वाचून बरं वाटलं. पण शिकवणी कितीला सुरू होते?"

शिकवणी नऊला सुरू होते. झोपायच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत, आठ मुलं, आठ जोड्या.

त्यानं पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि भिंतीवरचं वेळापत्रक काढून माझ्यासमोर धरलं. "आत्या, नऊची मुलं संध्याकाळी चालतील का, त्यांच्या आयांना विचारून बघतो."

"अजून भेट तरी होऊ दे."

"वेळ तर पाहून ठेवतो," म्हणाला, आणि पहिला फोन लावला.